आईचे आरोग्य, लेखांक ६ : गरोदरपणातले वजन कुठून मोजायचे?

गेल्या आठवड्यात रक्तक्षयाविषयी लिहिले होते. आज वजनाविषयी.

गरोदरपणात वजन किती वाढावे, हे आई आधी किती बारीक किंवा जाड होती यावर ठरते. आधीचे वजन किलोत घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. उत्तर १८.५च्या खाली आले, तर नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलो वाढ हवी. १८.५ ते २५ असेल, तर साडेअकरा ते सोळा पुरे. पंचविसाच्या पुढे सात ते साडेअकरा आणि तिसापासून पुढे पाच ते नऊ. हे आकडे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिले. आपल्याकडे परिचारिकांना शिकवतात तो साधा आकडा नऊ ते अकरा किलोंचा. बारीक बाईला तो कमी पडतो.

आपल्या जंगलपट्ट्यात खरी अडचण वेगळीच आहे. एटापल्ली, भामरागड किंवा जिवतीकडची एखादी सून मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात असते आणि पाचव्या महिन्यात पहिल्यांदा काट्यावर उभी राहते. समजा तिची उंची दीड मीटर आहे आणि काटा ४३ किलो दाखवतो. हिशेब १९च्या थोडा वर येतो, म्हणजे बाई ठीक. पण दिवस जाण्याआधी ती ४० किलोंची होती. तेव्हाचा हिशेब १७.८, म्हणजे ती बारीक होती. विसाव्या आठवड्यापर्यंत तिचे वजन चार ते साडेपाच किलो वाढायला हवे होते, वाढले तीनच. कार्डावर मात्र ना तिचा बारीकपणा दिसतो, ना ही तूट.

म्हणून पहिल्या तपासणीला उशीर झाला असेल, तर जुने वजन शोधावे. मागच्या बाळंतपणाच्या कार्डावर ते सापडू शकते. नाहीच मिळाले, तर दंडाचा घेर मोजावा. गरोदरपणात तो फारसा बदलत नाही, त्यामुळे २३ सेंटिमीटरहून कमी भरला तर बाई मुळात बारीक आहे असे धरून चालावे. तिथून पुढे एकूण बेरजेपेक्षा वेग महत्त्वाचा : बारीक बाईचे आठवड्याला साधारण अर्धा किलो, म्हणजे महिन्याला दोन किलो वाढावेत. एखाद्या आठवड्यात कमी भरले तर घाबरू नये. महिनाभर काटा हलला नाही, तर आहार, मलेरिया आणि सिकलसेल यांची चौकशी व्हायलाच हवी.

उलट, महिन्यात तीन किलोंहून जास्त वाढले, तर बाळ बाळसे धरतेय म्हणून खूश होऊ नये. जुळे असू शकते, साखर वाढलेली असू शकते किंवा अंगात पाणी साठत असू शकते. चेहरा, हात सुजले किंवा डोके दुखू लागले, तर त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी.

आशाताईंना एक विनंती : पाळी चुकल्याचे कळताच, बाराव्या आठवड्याच्या आत, चप्पल काढून, काटा शून्यावर आणून पहिले वजन घ्या आणि शेजारीच उंची लिहा.