बस थांबवू नका, बाई

सहलीच्या सकाळी साडेसहाला बसच्या दाराशी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकेच्या हातात एकच कागद असतो, यादी. मीही तो कागद बरीच वर्षं हातात धरला आहे. बेचाळीस नावं, प्रत्येकापुढे पालकांचा फोन नंबर. एकेचाळीस मुलं चढली की बस सोडता येत नाही. उरलेलं एक मूल रिक्षात आहे, घरी झोपलंय की फाटकाबाहेर फुगेवाल्यापाशी उभं आहे, हे कळेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो.

म्हणून ऐन वेळी बेत बदलणाऱ्या पालकांनी माफी कशाची मागायची, तर न येण्याची नाही. आजारी मूल घरी ठेवलं तर शिक्षिकेला उलट हायसंच वाटतं. माफी या खोळंब्याची.

समजा, चौथीतली सई. रात्री अकराला खोकला वाढला. आई म्हणते पाठवू, आजी म्हणते नको. पहाटे पाचला ठरलं, नको. मग सव्वापाचलाच, बाईंच्या स्वतःच्या नंबरवर: ‘नमस्कार बाई. चौथी ब मधली सई, हजेरी क्रमांक २३, आज सहलीला येणार नाही. रात्री खोकला वाढला. पहाटेपर्यंत वाट पाहिली, म्हणून कळवायला उशीर झाला. तुम्हाला ऐन वेळी यादी बदलावी लागेल, माफ करा. बस थांबवू नका.’ सहापर्यंत उत्तर आलं नाही तर सरळ फोन करावा. वर्गाच्या ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नये. तिथे तो निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो.

कारण खरं द्यावं. सहलीच्या दिवशी मावशीकडे बारसं होतं आणि निरोपात ताप लिहिला, तर सोमवारी सई आल्या आल्या पेढ्यांची गोष्ट सांगते. बाई काही बोलत नाहीत, पण पुढचा ताप त्यांना खरा वाटत नाही. कारण सांगायचं नसेल तर ‘घरगुती अडचण’ पुरे.

पैशांचा विषय त्याच निरोपात काढू नये. बस अख्खी ठरवलेली असते, त्यामुळे एक मूल कमी झालं म्हणून भाडं उतरत नाही. जेवणाचे किंवा तिकिटाचे काही परत मिळाले तर मिळाले. दोन-तीन दिवसांनी ऑफिसात विचारावं. बाईंकडे तो हिशेब बहुधा नसतोच.

सोमवारी डायरीत दोन ओळी लिहून द्याव्यात आणि त्या सईनेच बाईंना नेऊन दाखवाव्यात. मग तिने शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीकडेही जावं. दोघींची सीट आठवडाभर आधीच ठरलेली होती, आणि ती बिचारी अख्खा रस्ता एकटी बसून आली.