चुकीच्या सर्व्हरवर दिलेली आज्ञा

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीचे अभियंते एका चिवट बिघाडाशी झुंजत होते. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड या कंपनीच्या साइटवर ठेवतात. साइटचा डेटाबेस db1 या मुख्य सर्व्हरवर होता आणि त्यातला प्रत्येक बदल लगोलग db2 वर उतरत असे. त्या दिवशी स्पॅममुळे db1 वर ताण आला, db2 मागे पडला आणि शेवटी दोघांमधला दुवाच तुटला. आता db2 रिकामा करून सगळी प्रत नव्याने घ्यायची होती.

त्यासाठीची `pg_basebackup` ही आज्ञा दिली, पण स्क्रीनवर काहीच उमटेना. खरे तर ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत थांबली होती, फक्त तसे सांगत नव्हती. db2 वरचे जुने फोल्डर आड येत असावे, असे अभियंत्याला वाटले आणि ते पुसायला त्याने `rm -rf` दिली. ही आज्ञा 'नक्की पुसू का?' असे विचारत नाही, आणि पुसलेले कचरापेटीतही सापडत नाही. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले की आज्ञा db1 वर चालली आहे. त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजच्या बॅकअपची जागा रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा होता, त्यामुळे तो दर वेळी बंद पडत होता. तसे कळवणारे ईमेलही जात होते, पण ते पाठवण्याची मांडणी चुकीची असल्याने मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे धोक्याची सूचना निघत होती, ती कुणापर्यंत पोहोचत नव्हती. मला या साऱ्या प्रकरणात रात्रीच्या चुकीपेक्षा हे अधिक गंभीर वाटते. दमलेला माणूस चुकणारच; पण घेतलेला बॅकअप खरोखर उघडतो का, हे दिवसाढवळ्याही कुणी पाहिले नव्हते.

तारले एका योगायोगाने. त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच चाचणीसाठी, डेटाबेसची प्रत हाताने काढून चाचणी सर्व्हरवर ठेवली होती. तिथल्या डिस्क संथ असल्याने ती परत आणायला सुमारे १८ तास लागले. त्या प्रतीत वेबहुक, म्हणजे दुसऱ्या सेवांना आपोआप कळवण्याच्या नोंदी, मुद्दाम काढलेल्या होत्या. त्या नंतर वेगळ्या भराव्या लागल्या. साइट सुरू करण्याआधी नोंदींचे क्रमांक एक लाखाने पुढे ढकलले, कारण हरवलेल्या नोंदींचे क्रमांक नव्या नोंदींना मिळाले असते तर घोळ झाला असता.

लोकांचा कोड वेगळ्या ठिकाणी असल्याने तो वाचला. संध्याकाळी ५.२० पासून मध्यरात्रीपर्यंतच्या (जागतिक वेळेनुसार) डेटाबेसमधल्या नोंदी मात्र परत आल्या नाहीत: अंदाजे पाच हजार प्रकल्प, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती.