रिचार्ज मारण्याआधी स्क्रीनवरच्या तीन ओळी वाचा

देवासमध्ये आमच्या ओळखीचे एक काका आहेत. मुलगी पुण्यात, नात चार वर्षांची. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल ठरलेला. गेल्या काही आठवड्यांपासून कॉल लागायचा, पण नातीचा चेहरा गोठलेला आणि आवाज तुटक. काकांना वाटलं फोन म्हातारा झाला. दुकानदारानेही नवा हँडसेट दाखवला. प्रत्यक्षात फोन ठणठणीत होता. रोजचा डेटा संध्याकाळीच संपत होता.

धार-देवासमधल्या बऱ्याच मराठी घरांत हीच गत आहे. मुलं पुण्या-मुंबईला, घरी ज्येष्ठ मंडळी आणि रिचार्ज दुकानदार सांगेल तो. म्हणून प्लॅनच्या स्क्रीनवर नेमकं काय लिहिलेलं असतं ते पाहू.

पहिली ओळ व्हॅलिडिटीची. 28 दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षाचे 365 दिवस भरायला असे 13 रिचार्ज लागतात आणि तरी एक दिवस उरतोच. खरा 30 दिवसांचा किंवा दर महिन्याच्या ठराविक तारखेचा प्लॅन हवा असेल तर तोही असतो. असा निदान एकेक प्लॅन ठेवण्याचं बंधन ट्रायने 2022 मध्ये कंपन्यांवर घातलं. दुकानात तो आपणहून कुणी दाखवत नाही, मागावा लागतो.

दुसरी ओळ रोजच्या डेटाची. तिथे 1.5 GB/day असं दिसतं. हा कोटा साधारणपणे रात्री बारानंतर नव्याने सुरू होतो. आज उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये उद्या मिळत नाही.

तिसरी ओळ बारीक अक्षरांत असते आणि खरी मेख तीच. कोटा संपल्यावर स्पीड 64 Kbps. नेट बंद होत नाही, म्हणूनच फोन बिघडल्यासारखं वाटतं. इथे Kb म्हणजे किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त 8 किलोबाइट. एक एमबी उतरायला दोन मिनिटांच्या वर लागतात, तीन एमबीचा फोटो सहा मिनिटांपेक्षा जास्त. साधा मेसेज जातो, व्हिडिओ कॉल चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: सकाळी नेट पळतं, संध्याकाळी रांगतं आणि रात्री बारानंतर पुन्हा ठीक होतं, तर दोष फोनचा नाही, कोट्याचा.

आता तुलना. समजायला सोपं जावं म्हणून जिओचे जुलै 2024 च्या दरवाढीतले आकडे घेऊ. आजचे दर ॲपवर बघा, पण हिशेबाची रीत हीच. 28 दिवस, रोज 1.5 जीबी, 299 रुपये. दिवसाला साधारण 10 रुपये 68 पैसे पडतात. तेवढाच डेटा 84 दिवसांसाठी 799 रुपयांत, म्हणजे दिवसाला 9 रुपये 51 पैसे. 299 चे तीन रिचार्ज 897 चे होतात, म्हणजे 98 रुपये वाचतात. रोज 2 जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 349 चा, म्हणजे दर वेळी 50 रुपये जास्त, 13 रिचार्जचे 650.

जाहिरातीत एका जीबीचा भाव स्वस्त दिसतो, पण तो बघून फसू नका. वापरलाच नाही तो जीबी स्वस्त कसला? आधी दिवसाचा भाव काढा, मग आपली गरज बघा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा युसेज’ उघडलं की कोणतं ॲप किती खातं ते दिसतं.

काकांच्या फोनवर हेच केलं. बहुतेक डेटा दुपारच्या कीर्तनांच्या व्हिडिओत जात होता. एक संपला की दुसरा आपोआप सुरू, तोही एचडीत, आणि काका तोवर झोपलेले. ऑटोप्ले बंद केला, क्वालिटी 360p वर आणली. मोठ्या प्लॅनची गरजच उरली नाही. नवा फोनही वाचला.

ज्यांच्या घरी वायफाय आहे किंवा जे फक्त कॉलपुरता फोन वापरतात, त्यांच्यासाठी ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवणं बंधनकारक केलं. आईच्या साध्या कीपॅड फोनवर रोज दीड जीबी भरत असाल तर आधी ते बघा.

एक शेवटची गोष्ट. पुण्यातला मुलगा इकडचा रिचार्ज मारत असेल तर त्याने स्वतःच्या नंबरवरचे प्लॅन पाहून ठरवू नये. आपले नंबर मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कलचे. ज्याचा रिचार्ज, त्याचाच नंबर टाकून यादी उघडावी.