वेष्टनावरची मुलगी आणि गोड्या मसाल्याचं नाव

फिकट रंगाचं वेष्टन. मध्यभागी हातात बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे शेतघराचं अंगण. विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचं ग्लुको बिस्कीट अशा वेष्टनातून विकलं जाई. म्हैसूरच्या एका बिस्कीटवाल्यानं ग्लुकोज बिस्किटं काढली, तेव्हा त्याच्याही वेष्टनावर मुलगी आली, गाई आल्या, कोंबड्या आल्या. फरक एवढाच, की ही मुलगी डोक्यावर गवताचा भारा घेऊन निघाली होती आणि तिच्या हाती विळा होता. पार्लेनं दावा लावला आणि खालच्या न्यायालयांत तो हरली, कारण तिथे दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजले गेले. 1972 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. गिऱ्हाईक दुकानात दोन पुडे शेजारी ठेवून बघत नाही. काल पाहिलेल्या पुड्याची धूसर आठवण घेऊन तो आज दुकानात येतो. त्या आठवणीला चकवा बसत असेल, तर गाई किती आणि कोंबड्या किती या मोजदादीला अर्थ उरत नाही.

या निकालानं पार्लेचं चित्र वाचवलं. ‘ग्लुकोज’ हा शब्द मात्र तिला कधीच एकटीचा करता आला नसता, कारण ते घटकपदार्थाचं नाव आहे. बाजारात ग्लुकोज बिस्किटांची गर्दी वाढत गेली आणि 1980च्या दशकात बिस्किटाचं नाव ‘पार्ले-जी’ झालं. म्हणजे वजन आलं ते स्वतःच्या नावावर. आज मसाले, लोणची, साबण किंवा हातमागाची वस्त्रं घरातून विकणाऱ्याला ट्रेडमार्कचा कायदा समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी. कोणत्या शब्दाला कुंपण घालता येतं आणि कोणत्या नाही?

समजा, साताऱ्यातल्या एक बाई 2016पासून गोडा मसाला विकतात. पाकिटावर नाव आहे ‘अस्सल घरगुती मसाले’. गिऱ्हाइकांना नाव आवडतं, कारण वस्तू काय आहे ते लगेच कळतं. नेमकं हेच कायद्याच्या नजरेत अडचणीचं आहे. ट्रेडमार्क कायदा 1999 याच्या कलम 9 प्रमाणे मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणारा शब्द सहसा एकाच्या मालकीचा होत नाही. उद्या शेजारच्या गल्लीतल्या बाईंनीही मसाला घरी कुटला, तर त्यांनी त्याला घरगुती का म्हणू नये? गावांच्या नावांचंही तसंच. ‘सिमला’ या नावाची सिगारेट नोंदवण्याचा इम्पीरियल टोबॅको कंपनीचा प्रयत्न कलकत्ता उच्च न्यायालयात 1977 साली फसला. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही, ते ‘सातारी’ किंवा ‘कोकणी’ या शब्दावर हक्क सांगणाऱ्या लहान उत्पादकाला जमेल, अशी आशा धरू नये.

याला एक अपवाद आहे. वर्षानुवर्षांच्या वापरानं एखादा वर्णनपर शब्दही लोकांच्या मनात एकाच उत्पादकाशी जोडला गेला असेल, तर तो नोंदवता येतो. पण ते सिद्ध करायला विक्रीचे आकडे, जाहिराती आणि बऱ्याच वर्षांची कागदपत्रं लागतात. काही वर्षं जत्रेत आणि प्रदर्शनांत मसाला विकणाऱ्या बाईंकडे तेवढा पुरावा निघणं अवघड.

म्हणून त्यांनी नवं नाव घ्यायचं ठरवलं असं धरू: ‘पारवा’. पारव्याचा मसाल्याशी काही संबंध नाही, आणि तेच या नावाचं बळ आहे. वस्तूशी असंबद्ध किंवा नव्यानं घडवलेला शब्द गिऱ्हाइकाच्या मनात रुजायला वेळ लागतो, पण रुजला की तो आपलाच राहतो.

आता शोध. ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोधाची सोय आहे आणि ती मोफत आहे. तिथे शब्दानुसार (Wordmark), उच्चारानुसार (Phonetic) आणि चित्राच्या सांकेतिक क्रमांकानुसार (Vienna Code) शोधता येतं. मराठी नावांची खरी गंमत रोमन लिपीत सुरू होते. पारवा हा शब्द Parva, Parwa, Paarva असा कसाही लिहिला जातो, आणि Parva म्हणजे ‘पर्व’सुद्धा होतं. त्यामुळे एकच स्पेलिंग तपासून समाधान मानलं, तर पुढे तपासणी अहवालात भलतंच नाव समोर उभं राहतं. सगळी रूपं उच्चारशोधात घालून पाहावीत. सापडलेल्या नावापुढची स्थितीही वाचावी. Registered असेल तर ते जिवंत आहे. Abandoned असेल तर तो अर्ज सोडून दिलेला आहे, पण ते नाव बाजारात अजून चालू असू शकतं. म्हणून एक फेरी दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणीही मारावी.

किती साम्य म्हणजे जास्त साम्य, हे ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या खटल्यातून नीट कळतं. लक्ष्मणधारावाल्यांचं म्हणणं असं, की अमृत वेगळं आणि लक्ष्मण वेगळा. सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली सांगितलं, की सामान्य गिऱ्हाईक शब्दाची फोड करून त्याची व्युत्पत्ती शोधत नाही. तो नाव एकसंध ऐकतो, आणि औषधाचा प्रकार एकच असताना ही दोन नावं फसगत करू शकतात. तरीही लक्ष्मणधारा पुरती हरली नाही. ती 1923पासून विकली जात होती, अमृतधारावाल्यांना ते ठाऊक होतं आणि ते गप्प राहिले होते. म्हणून उत्तर प्रदेशापुरती तिची नोंदणी मान्य झाली. आपल्या नावाची नक्कल दिसूनही वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं, तर ते असं अंगाशी येतं.

नाव ठरलं, शोध झाला. पुढचा प्रश्न वर्गाचा. माल आणि सेवांचे एकूण 45 वर्ग आहेत: 34 मालाचे, 11 सेवांचे. मसाला वर्ग 30 मध्ये येतो, लोणचं वर्ग 29 मध्ये. दोन्ही विकायचे असतील तर दोन वर्गांची फी भरावी लागते. अर्ज TM-A या नमुन्यात ऑनलाइन करता येतो. व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला प्रत्येक वर्गामागे 4,500 रुपये पडतात, इतर कंपन्यांना 9,000.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. नाव आणि चित्र एकत्र असलेला लोगो एकाच अर्जात नोंदवतात आणि दोन्ही सुरक्षित झालं असं समजतात. कलम 17 प्रमाणे अशा नोंदणीनं हक्क मिळतो तो संपूर्ण आकृतीवर. तिच्यातल्या सुट्या भागावर आपोआप मिळत नाही. त्यामुळे वेगळ्या अक्षरांत आणि वेगळ्या चित्रासह कुणी ‘पारवा’ लिहिलं, तर वाद अवघड होतो. आधी नुसत्या शब्दाचा अर्ज करावा, कारण शब्दाच्या नोंदणीला अक्षरांचं वळण बांधून ठेवत नाही. लोगोचा अर्ज पैसे हाती आल्यावर करता येतो. तो काळ्यापांढऱ्या रंगात करावा, कारण रंगांची मर्यादा घातली नाही तर कलम 10 प्रमाणे नोंदणी सर्व रंगांना लागू होते. देवनागरी नाव असेल तर त्याचं लिप्यंतर आणि अर्थही अर्जात द्यावा.

लोगोचा आणखी एक कोपरा अंधारात राहतो. तो काढणाऱ्या चित्रकाराला पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं सगळे मानतात. पण चित्रकार पगारी नोकर नसेल, तर चित्राचा कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच राहतो, आणि तो हस्तांतरित करायला सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच. एका पानाच्या करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आले, तर हा धोका टळतो.

अर्जात एक साधी वाटणारी जागा असते: नाव कधीपासून वापरात आहे? ‘पारवा’ अजून बाजारात आलं नसेल, तर पुढे वापरणार असं लिहावं. ते वापरात असेल, तर पहिल्या वापराची तारीख लिहून शपथपत्र आणि पुरावा जोडावा लागतो. ही तारीख किती मोलाची आहे, हे तिरुनेलवेलीच्या हलव्यानं दाखवलं. तिथलं एक हलव्याचं दुकान मंद उजेडामुळे ‘इरुट्टुकडै’, म्हणजे अंधारं दुकान, या नावानं 1900पासून ओळखलं जातं. दुसऱ्या एकानं त्या नावापुढे तिरुनेलवेली जोडून स्वतःची नोंदणी मिळवली. 2015 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो जुन्या दुकानाच्या बाजूनं. नोंदणीचा कागद दोघांकडेही असला, तरी नाव आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क वरचढ ठरतो.

म्हणून पहिल्या पाकिटाच्या छपाईचं बिल, पहिल्या प्रदर्शनातल्या गाळ्याची पावती, नाव छापलेली विक्रीची बिलं, जाहिरात आलेला वर्तमानपत्राचा अंक, हे सगळं फेकू नये. अन्नपरवाना किंवा जीएसटी क्रमांक मिळाला म्हणजे नाव आपलं झालं, असा समज सर्रास आढळतो. त्या नोंदी नावाचा हक्क देत नाहीत. वापर केव्हापासून आहे, हे दाखवायला मात्र उपयोगी पडतात.

अर्ज गेल्यावर नोंदणी कार्यालय तो तपासतं. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. आक्षेप निघाला, तर अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अहवाल ईमेलवर येतो, आणि अर्जात सल्लागाराचाच ईमेल असेल तर मालकाला तो कळतही नाही. अर्ज करताना स्वतःचा पत्ता दिला गेला ना, हे डोळ्यांनी पाहावं. आक्षेप मिटला की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं, आणि त्यानंतर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. विरोधाची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. वाद लढून हरण्यापेक्षा असं नकळत हरणं जास्त वाईट.

कुणी विरोध केला नाही, तर नोंदणी मिळते, आणि ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांसाठी असते. अर्ज केल्यापासून पाकिटावर छोटी ‘टीएम’ अक्षरं लावायला हरकत नाही. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हाती आल्यावरच छापावा. त्याआधी छापणं दंडनीय आहे. आणि नाव नोंदवून पाच वर्षांहून जास्त काळ ते वापरलंच नाही, तर कलम 47 खाली त्या नोंदणीची झळ बसणारा कुणीही ते नोंदवहीतून काढायची मागणी करू शकतो.

‘पारवा’ मसाल्याच्या बाईंचा सगळा हिशेब असा: शब्दाचा एक अर्ज, एक वर्ग, 4,500 रुपये. पुढच्या वर्षी लोगोचे आणखी तेवढेच. लोणचं सुरू केलं, तर त्याचा अर्ज वेगळा. दिवाळीच्या प्रदर्शनासाठी नवी पाकिटं छापायला टाकण्याआधी नावाचा शोध घ्यावा, आणि छपाईचं बिल आलं की त्यावर ब्रँडचं नाव आणि तारीख आहे ना, ते पाहून ते फाइलला लावावं.