पुसट फॅक्सवरून अरबी अनुवाद

फॅक्स यंत्र मजकूर अक्षरांच्या नव्हे, तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात पाठवते. आडव्या दिशेने एका इंचात सुमारे २०४ ठिपके बसतात. उभ्या दिशेने मात्र साध्या प्रतीत इंचाला ९८ ओळीच असतात, ‘फाइन’ प्रतीत १९६. टंकलेखित पत्रातील इंग्रजी लहान अक्षराची उंची इंचाच्या चौदाव्या-पंधराव्या भागाएवढी असते, म्हणजे साध्या फॅक्समध्ये ते अक्षर जेमतेम सात ओळींत उभे राहते. ‘ई’ या अक्षराच्या पोटातील आडवी रेघ त्यांतल्या एकाच ओळीवर असते. ती ओळ हुकली की ‘ई’चा ‘सी’ होतो. दशांश चिन्हाचा ठिपका तर पूर्णच गळू शकतो आणि १.५चे १५ होतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की उलटा दोष येतो. टोनर बारीक फटींत भरतो, त्यामुळे ३चा ८ दिसू लागतो. जुन्या फॅक्सचा उष्णतेने उमटणारा कागद उजेडात आणि उष्ण जागेत स्वतःच फिका पडत जातो.

अशा कागदांचा अरबी अनुवाद अनेकदा लागतो. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना दाखले, अनुभवपत्रे, रुग्णालयाचे कागद तिथल्या कार्यालयांत सादर करावे लागतात. संयुक्त अरब अमिरातीत न्यायालयात द्यायच्या कागदांचा अनुवाद न्याय मंत्रालयाच्या परवानाधारक अनुवादकाकडून करून घ्यावा लागतो, आणि त्यावर त्याची सही व शिक्का असतो. त्यामुळे मूळ कागदावर दिसले नाही ते अनुवादात आले, तर त्याची जबाबदारी त्या सहीवर येते.

पहिले काम चांगली प्रत मिळवण्याचे. मूळ कागद हाताशी असेल, तर तो पुन्हा फॅक्स न करता करड्या छटांसह, इंचाला ३०० किंवा ४०० ठिपक्यांवर स्कॅन करून मागवावा. काळ्या-पांढऱ्या प्रतीत फिकी शाई नाहीशी होते; करड्या प्रतीत ती फिकी का होईना, राहते. प्रत स्वच्छ दिसली तरी ती खरी असेलच असे नाही. २०१३ मध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना एका इमारतीच्या नकाशाच्या स्कॅनमध्ये खोल्यांची क्षेत्रफळे बदललेली आढळली. फाइल लहान करताना यंत्राने सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच मानल्या होत्या. चुकीचे अंक अगदी ठळक आणि रेखीव उमटले होते. म्हणून महत्त्वाचा आकडा नुसत्या स्पष्टपणावर स्वीकारू नये. कागदातच दुसरीकडे त्याचा मेळ बसतो का, ते पाहावे.

दुसरे काम वाचनाचे, आणि ते अनुवादाआधी पूर्ण व्हायला हवे. मूळ भाषेतच ओळीनुसार उतारा तयार करायचा. स्पष्ट शब्द जसेच्या तसे, पुराव्यावरून भरलेले शब्द चौकटी कंसात, आणि न वाचता येणाऱ्या जागी ‘अवाचनीय’ अशी खूण. एका माणसाने काढलेला उतारा न पाहता दुसऱ्याने पुसट जागा वाचाव्यात. दोघांचे वाचन वेगळे आले, तर ती जागा अजून सुटलेली नाही.

समजा, रुग्णालयाचे इंग्रजी डिस्चार्ज कार्ड फॅक्सने आले आहे. दाखल झाल्याच्या तारखेतला पहिला अंक १ आहे, दुसरा पुसला आहे, पुढे ‘मार्च’ आहे. घरी सोडल्याची तारीख २१ मार्च आणि मुक्काम ८ दिवस, हे दोन्ही स्पष्ट आहे. दाखल झाल्याचा दिवस धरला तर तारीख १४ येते, न धरला तर १३. पुसट इंग्रजी अंकाच्या उजव्या बाजूला गोलाई उरली आहे. ती ३ची असू शकते, ८चीही. पण ४ची नाही, आणि १८ तारीख हिशेबात बसत नाही. पुढे रक्ततपासणीची तारीख १३ मार्च अशी ठळक आहे. आकडेमोड, उरलेला आकार आणि कागदातील दुसरी नोंद असे तीन पुरावे एकाच उत्तराकडे नेतात. म्हणून इथे कंसात ३ भरता येतो आणि खाली अनुवादकाची टीप देऊन कारण सांगता येते.

त्याच कार्डावर एका गोळीच्या नावाची ‘मेट’ एवढीच सुरुवात उरली आहे, पुढे ५०० मिलीग्रॅम. रुग्णाला मधुमेह आहे, म्हणून मेटफॉर्मिन लिहिण्याचा मोह होतो. पण त्याला पोटाचा संसर्गही झाला होता, आणि मेट्रोनिडाझोल या नावाची सुरुवातही तशीच आहे. इथे संदर्भ दोन्ही बाजूंनी बोलतो. शिवाय कोणते औषध योग्य ठरले असते हा वैद्यकीय तर्क आहे, कागदावर काय लिहिले होते याचा पुरावा नाही. ‘मेट’ तेवढे ठेवून पुढे अवाचनीय लिहायचे आणि रुग्णालयाकडे चौकशी करायची. ॲलर्जीच्या रकान्यात ‘ज्ञात ॲलर्जी’ दिसते आणि त्याआधीची जागा पुसट आहे. तिथे बहुधा नकार असतो म्हणून नकार भरणे धोक्याचे, कारण त्या एका शब्दावर अर्थ उलटतो. ‘दाखला देण्यात येतो की’ यासारख्या ठरीव वाक्यातले गळलेले अक्षर मात्र निर्धास्त भरता येते, कारण तिथे दुसरा शब्द येऊच शकत नाही.

खरी अडचण पुढे, अरबीत लिहिताना येते. इंग्रजी जिथे मोघम राहू शकते तिथे अरबी व्याकरण निवड करायला लावते. दोन दिवसांसाठी द्विवचन ‘यौमैन’, तीन ते दहापर्यंत अनेकवचन ‘अय्याम’, अकरापासून नव्याण्णवपर्यंत पुन्हा एकवचन ‘यौमन’. औषध किती दिवस घ्यायचे तो आकडा पुसला असेल आणि अनुवादकाने ‘अय्याम’ लिहिले, तर आकडा न लिहिताही तो तीन ते दहामध्ये आहे असे त्याने सांगून टाकले. यावर उपाय वाक्याची मांडणी बदलण्याचा. ‘अदद अल-अय्याम’, म्हणजे ‘दिवसांची संख्या’, असे लिहून पुढे कंसात ‘गैर मक्रू’, म्हणजे अवाचनीय, लिहिले की व्याकरण शुद्ध राहते आणि काही पदरचे जात नाही.

लिंगाचेही तसेच. इंग्रजी ‘पेशंट’ अरबीत ‘मरीज’ किंवा ‘मरीजा’ होतो आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलते. लिंगाचा रकाना पुसला असेल आणि नाव किरण असेल, तर नावावरून काही ठरत नाही, कारण ते मुलाचेही असते आणि मुलीचेही. कार्डात कुठे इंग्रजी ‘हर’ किंवा ‘हिज’ वाचता आले तर प्रश्न सुटतो. नाहीतर तिरपी रेघ देऊन दोन्ही रूपे लिहायची आणि टिपेत कारण नोंदवायचे.

शिक्के आणि सह्याही गाळू नयेत. गोल शिक्क्यातील मजकूर वाचता येत नसेल, तर ‘खत्म गैर वाजेह’, म्हणजे अस्पष्ट शिक्का, असे त्या जागी कंसात लिहायचे. अनुवाद मूळ कागदावरून नव्हे, फॅक्स प्रतीवरून केला आहे, हेही सुरुवातीलाच नोंदवायचे.

शेवटची तपासणी उलट दिशेने होते. तयार अरबी मजकुरातला कंसाबाहेरचा प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव, प्रत्येक नकार आणि प्रत्येक वचन घ्यायचे आणि ते प्रतीवर डोळ्यांना दिसते का ते पाहायचे. जे दिसत नाही ते पुराव्यासह कंसात जाते; पुरावा नसेल तर त्या जागी ‘गैर मक्रू’ येते.