‘टाकून आले’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला

मैत्रिणीचा निरोप रात्री साडेअकराला आला : ‘आज आईला टाकून आले.’ कुठे, ते लिहिलं नव्हतं आणि तशी गरजही नव्हती. तीन वर्षं काकूंचा स्मृतिभ्रंश वाढत चालला होता. ब्युरोच्या बायका टिकत नव्हत्या. एकदा पहाटे तीनला काकू कडी काढून जिन्यात जाऊन बसल्या होत्या. अमेरिकेतला भाऊ व्हिडिओ कॉलवरून सल्ले देत होता.

मी लगेच लिहिलं, ‘वाईट वाटून घेऊ नकोस. तू योग्यच केलंस.’ तिकडून ‘हं’ आलं, मग चार दिवस काहीच नाही.

चूक माझी होती. वाईट वाटत असलेल्या माणसाला ‘वाटून घेऊ नकोस’ सांगितलं की ते बोलायचंच थांबतं. शिवाय ‘योग्यच केलंस’ हा निकाल झाला, आणि तो तिनं मागितला नव्हता. निकाल द्यायला बिल्डिंगमधले आणि नात्यातले पुरेसे होते.

मुख्य म्हणजे मी तिचं क्रियापद वाचलंच नव्हतं. शाळेत मुलाला ‘घालतात’, हॉस्पिटलात ‘भरती करतात’, वृद्धाश्रमात मात्र ‘टाकतात’. कचरा टाकतात तसं. हा शब्द लोकांनी तिच्या तोंडावर वापरायच्या आधी तिनंच स्वतःला लावून घेतला होता. कायदाही यात फरक करतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यानुसार, सांभाळायची जबाबदारी असताना त्यांना वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. सोय लावून, खर्च उचलून, भेटायला जात राहणं म्हणजे सोडून देणं नव्हे. अर्थात रडणाऱ्या मैत्रिणीला कलम पाठवू नये. आपल्या वाक्यात शब्द बदलला तरी पुरतं.

दुसरी गाठ सुटकेची. त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी सलग सात तास झोपली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. आईला ठेवून आल्याच्या दुःखापेक्षा त्या झोपेची लाज तिला जास्त छळत होती. हे कुणी आपण होऊन बोलत नाही, म्हणून निरोपात त्याला जागा ठेवावी लागते. पण ‘आता सुटलीस’ असं लिहिलं तर ते डागण्यासारखं लागेल.

पाचव्या दिवशी मी पुन्हा लिहिलं :

‘त्या दिवशी मी घाईनं काहीतरी लिहिलं. काकू आता तिकडे राहतात, याची तुलाच अजून सवय झाली नसेल. रात्री झोप लागत असेल तर लागू दे. झोप लागली म्हणून आईवरची माया कमी होत नाही. आणि त्या “मला घरी ने” म्हणाल्या, तर आठव, तुझ्याकडे असतानाही संध्याकाळ झाली की हेच म्हणायच्या. रविवारी तुला चालणार असेल तर मी सोबत येते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’

‘घरी ने’ हे वाक्य मुलांना सर्वांत जास्त खचवतं. स्मृतिभ्रंशाची माणसं स्वतःच्या घरात बसूनही ते म्हणतात, विशेषतः दिवस मावळताना, जेव्हा त्यांची बेचैनी वाढते. पुष्कळदा त्यांच्या मनातलं घर लहानपणीचं असतं, किंवा ओळखीचं, सुरक्षित असं काहीतरी त्यांना हवं असतं. मैत्रिणीला हे ठाऊक होतं, पण संस्थेच्या फाटकापाशी उभी असताना आठवलं नव्हतं.

‘काही लागलं तर सांग’ हे मी मुद्दाम टाळलं. त्यानं मागायचं काम तिच्यावरच पडतं. रविवार सांगितला की तिला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. पहिल्या आठवड्यात फोन पुष्कळ येतात. तिसऱ्या आठवड्यात कुणी विचारत नाही. त्या आठवड्याची खूण मी कॅलेंडरवर करून ठेवली.

एक मात्र सांभाळा. तिचं प्रत्येक वाक्य अपराधी मनाचं समजून थोपटत बसू नका. ‘मी वाईट मुलगी आहे’ ही टोचणी आहे, ती ऐकून घ्यावी. ‘आईच्या कमरेखाली जखम झालीय’, ‘वजन उतरलंय’, ‘कधीही गेलं तरी गुंगीत असते’ ही टोचणी नव्हे, तक्रार आहे. तिथे धीर देत बसण्यापेक्षा तिच्यासोबत जाऊन जखम बघावी, औषधांचा कागद मागावा, डॉक्टरांना गाठावं.

रविवारी आम्ही दोघी गेलो. काकूंनी मला ओळखलं नाही, पण मी नेलेला पेरू मीठ लावून मागून घेतला. परतताना रिक्षात मैत्रीण म्हणाली, ‘आई तिकडे राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याबरोबर आलं.’ यावेळी ती ‘राहायला’ म्हणाली होती.