तेल वाढले, फंड मागे राहिला

२००८ साल संपले तेव्हा अमेरिकेतले कच्चे तेल पिंपाला सुमारे ४५ डॉलरवर होते. वर्षभराने ते ७९ डॉलरच्या पुढे गेले, म्हणजे पाऊणपटीहून अधिक वाढले. तेलाच्या भावामागोमाग चालावा म्हणून काढलेल्या ‘युनायटेड स्टेट्स ऑइल फंडा’चे युनिट मात्र त्या वर्षात २० टक्केही वाढले नाही. यात कुठला घोटाळा नव्हता आणि फंडाच्या शुल्काने एवढी तूट पडत नाही. तेलावरचा अंदाज अगदी बरोबर ठरूनही गुंतवणूकदारांच्या हाती थोडेच लागले.

याचे कारण असे की हा फंड तेल विकत घेत नाही. तेल साठवायला टाक्या लागतात, म्हणून तो न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात सौदे घेतो. एक सौदा १,००० पिंपांचा असतो आणि माल ओक्लाहोमातल्या कुशिंग गावी ताब्यात घ्यायचा असतो. फंडाला माल नको असतो, त्यामुळे मुदत संपण्याआधी तो जवळच्या मुदतीचा सौदा विकतो आणि पुढच्या मुदतीचा घेतो. यालाच रोलओव्हर म्हणतात, आणि तो महिन्यामागून महिना चालूच राहतो.

समजा, जवळच्या महिन्याचा भाव ४० डॉलर आहे आणि पुढच्या महिन्याचा ४४. पुढचा महिना असा महाग असला की त्या स्थितीला बाजारात कॉन्टँगो म्हणतात. फंडाकडे १,१०० पिंपांइतके सौदे असतील तर ते विकून ४४,००० डॉलर होतात आणि त्यात पुढच्या महिन्याची १,००० पिंपे बसतात. त्या घडीला एका डॉलरचेही नुकसान झालेले नाही. पिंपे कमी झाली, पण प्रत्येक पिंप तेवढे महाग आहे. पुष्कळजण इथेच तोटा झाला असे समजतात, आणि ते चूक आहे.

तोटा होतो तो पुढच्या महिन्याभरात. मुदत जवळ येते तसा वायद्याचा भाव हाजर भावाकडे सरकतो. तेल ४० डॉलरवरच राहिले, तर ४४ ला घेतलेला सौदा हळूहळू ४० वर येतो आणि फंडाचे ४०,००० डॉलर उरतात. तेलाचा भाव जागचा हललेला नाही, तरी नऊ टक्के गेले. उलट हाजर तेल ४४ पर्यंत चढले, तर बातम्यांत दहा टक्के तेजी दिसेल आणि फंडाचा नफा शून्य असेल. दर महिन्याला फरक एवढा मोठा नसतो, पण दीड-दोन टक्क्यांचा फरक वर्षभर टिकला तरी युनिट पोखरले जाते. खात्यात कुठेही ‘रोलओव्हरचा खर्च’ अशी ओळ येत नाही, म्हणून धारकाला ते कळतही नाही.

पुढचा महिना महाग का असतो? आज तेल घेऊन ठेवायचे तर टाकीचे भाडे, विमा आणि अडकलेल्या पैशाचे व्याज द्यावे लागते. फरक या खर्चाहून मोठा झाला की व्यापारी आजचे तेल घेऊन साठवतात, पुढच्या महिन्याचा वायदा विकतात आणि फरक पुन्हा आवळला जातो. मात्र त्यासाठी रिकामी टाकी हवी. २००९च्या सुरुवातीला मंदीमुळे तेलाला उठाव नव्हता आणि कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या. फेब्रुवारीत लागोपाठच्या दोन महिन्यांतले अंतर आठ डॉलरच्या आसपास गेले. त्या वर्षीची फंडाची तूट मुख्यतः अशा महिन्यांतून साचली.

टंचाई असली की चित्र उलटे होते. तेल आत्ताच हवे असलेला शुद्धीकरण कारखाना जवळच्या महिन्याला जास्त भाव देतो आणि पुढचा महिना स्वस्त राहतो. हे बॅकवर्डेशन. इथे ४४ ला विकून ४० ला घेता येते आणि हाजर भाव ४४ वरच थांबला तरी धारकाला दहा टक्के मिळतात. २०२१ आणि २०२२ मध्ये तेलाचा बाजार बराच काळ असाच होता. पण ही स्थिती कधी पालटेल ते आधी कळत नाही, त्यामुळे रोलओव्हरच्या कमाईवर हिशेब बांधणे मला धोक्याचे वाटते.

घेण्याआधी लागोपाठच्या दोन मुदतींचे भाव शेजारी मांडून फरकाची टक्केवारी काढावी. मुंबईच्या एमसीएक्सवर कच्च्या तेलाचा वायदा महिन्यामागून महिना पुढे नेणाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो. आपल्याकडचे सोन्या-चांदीचे ईटीएफ मुख्यतः प्रत्यक्ष धातू तिजोरीत ठेवतात, तेवढ्या भागावर रोलओव्हरची ही झीज होत नाही. म्हणून फंडाचे माहितीपत्रक उघडले की पहिल्यांदा पाहायचे ते हे, की त्याच्याकडे माल आहे की वायदा, आणि वायदा असेल तर कोणत्या महिन्याचा.